होल भरायला गेलो आणि सगळं ग्रिडच पांढरं झालं: गळती कुठून होते ते शोधायचं कसं

इमेज प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये दर सेमिस्टरला एक दिवस असा येतो, की लॅबमधल्या निम्म्या स्क्रीन पांढऱ्याफेक पडलेल्या असतात. "मॅडम, एरर आली नाही. लूपसुद्धा आपोआप थांबलं. पण आतलं होल भरायच्या ऐवजी सगळं ग्रिडच भरलं." मी लगेच कोड बघत नाही. एवढंच विचारते, "दर फेरीनंतर किती पिक्सेल पेटलेले होते?" ते कुणी छापलेलंच नसतं.

खरं तर तेच छापायला हवं. शेवटचं पांढरं ग्रिड काहीच सांगत नाही, कारण चार-पाच वेगवेगळ्या चुका शेवटी त्याच पांढऱ्या ग्रिडवर येऊन थांबतात. ताप एकच, आजार निराळे. पण फेरीगणिक वाढत जाणारे आकडे प्रत्येक चुकीचे वेगळे असतात, आणि ग्रिड लहान असेल तर ते बोटांवर मोजून पडताळता येतात. म्हणून हा सगळा तपास मी ७×७ च्या एकाच ग्रिडवर करून दाखवते आहे.

कागदावरचं ग्रिड

ही आपली वस्तू A. शंकरपाळ्याच्या आकाराची, १३ पिक्सेलची. ओळी आणि रकाने १ ते ७. मधला पिक्सेल (४,४).

```
. . . . . . .
. . . # . . .
. . # # # . .
. # # # # # .
. . # # # . .
. . . # . . .
. . . . . . .
```

काम दोन टप्प्यांचं आहे. पहिला टप्पा बाउंडरी काढण्याचा: वस्तूचं इरोजन करायचं, म्हणजे कडेचे पिक्सेल झिजवायचे, आणि जे उरेल ते मूळ वस्तूतून वजा करायचं, म्हणजे β(A) = A − (A ⊖ B). दुसरा टप्पा ती पोकळ बाउंडरी पुन्हा भरण्याचा: आत एक बी, म्हणजे सुरुवातीचा एक पेटलेला पिक्सेल, ठेवायचं, त्याचं डायलेशन करायचं म्हणजे ते शेजारी पसरवायचं, आणि बाउंडरीवर चढलेले पिक्सेल त्याच फेरीत पुसून टाकायचे. बाउंडरीला W, तिच्याबाहेरच्या सगळ्या पिक्सेलना Wᶜ आणि k फेऱ्यांनंतर भरलेल्या पिक्सेलना Xₖ म्हटलं तर सूत्र Xₖ = (Xₖ₋₁ ⊕ B) ∩ Wᶜ असं होतं. दोन सलग फेऱ्यांत काही बदललं नाही की थांबायचं आणि शेवटी W मिळवायची. सगळं नीट झालं तर A जशीच्या तशी परत मिळायला हवी.

ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे दुसरं सूत्र समजावून सांगावं लागत नाही. पाणी दर फेरीत शेजारच्या पिक्सेलमध्ये सरकतं, बांध दिसला की अडतं, आणि वाफा भरला की थांबतं. अडचण एवढीच, की बांध कुणी घातला आणि पाणी कुणी सोडलं हे दोघांचं एकमेकांत ठरलेलं नसतं.

B म्हणजे स्ट्रक्चरिंग एलिमेंट, कुठले शेजारी मोजायचे ते ठरवणारा छोटा साचा. नेहमीच्या वापरात तो दोनपैकी एक असतो. एक अधिकच्या चिन्हासारखा, मधला आणि वर-खाली-डावा-उजवा असे पाच पिक्सेल असलेला. याला मी पुढे 'अधिक' म्हणेन. दुसरा ३×३ चा पूर्ण चौकोन, नऊ पिक्सेलचा, हा 'चौकोन'. दोन्ही सममित आहेत, त्यामुळे डायलेशनमध्ये B उलटवायचा की नाही हा प्रश्न इथे येत नाही.

आता इरोजन 'अधिक'ने करून बघू. ज्या पिक्सेलचे चारही बाजूंचे शेजारी वस्तूत आहेत तेवढेच टिकतात. (३,३) टिकत नाही, कारण त्याच्या वरचा (२,३) रिकामा आहे. (३,४) टिकतो. असं करत मधले पाच पिक्सेल उरतात आणि बाउंडरीला आठ जातात:

```
. . . . . . .
. . . # . . .
. . # . # . .
. # . . . # .
. . # . # . .
. . . # . . .
. . . . . . .
```

तेच इरोजन 'चौकोना'ने केलं तर पिक्सेल टिकायला आठही शेजारी वस्तूत लागतात. एकटा (४,४) ती परीक्षा पास होतो. म्हणून बाउंडरी १२ पिक्सेलची होते आणि आतलं होल एका पिक्सेलचं. वस्तू एकच, पण बाउंडरी दोन आणि दोन्ही बरोबर. इथवर कुणाचं चुकत नाही.

गळती नेमकी कुठे होते

आठ पिक्सेलची पातळ बाउंडरी घेऊ आणि बी (४,४) वर ठेवू.

'अधिक'ने भरताना पहिल्या फेरीत पाणी चार बाजूंना सरकतं आणि पाच पिक्सेल पेटतात. दुसऱ्या फेरीत डायलेशन १३ पिक्सेलचं होतं, पण नवे आठही पिक्सेल बांधावर पडतात आणि पुसले जातात. पुन्हा पाचच. काही बदललं नाही, थांबलो. पाच अधिक बाउंडरीचे आठ मिळून तेरा, म्हणजे A परत मिळाली. आकडे: १, ५, ५.

आता तेच 'चौकोना'ने. पहिल्या फेरीत नऊ पिक्सेल, त्यातले कोपऱ्यांचे चार बांधावर, उरले पाच. इथपर्यंत दोन्ही उत्तरं अगदी सारखी आहेत, आणि म्हणूनच पहिली फेरी हाताने तपासणारे विद्यार्थी फसतात. दुसऱ्या फेरीत (३,४) वरचा चौकोन (२,३) ला शिवतो. (२,३) बाउंडरीवर नाही, तो बाहेरचा आहे. (३,४) आणि (२,३) यांच्यामध्ये (२,४) आणि (३,३) असे बांधाचे दोन पिक्सेल आहेत, पण ते एकमेकांना फक्त कोपऱ्याने टेकलेले. त्या कोपऱ्यातून तिरपं पाणी बाहेर आलं. अशा जागा आठ आहेत, आणि आठही एकाच फेरीत फुटतात: २१ मधून बांधाचे आठ गेले, उरले १३. तिसऱ्या फेरीत ३७, चौथीत ग्रिडचे चारही कोपरे भरून ४१. पाचवीतही ४१, म्हणून लूप अगदी शिस्तीत थांबलं. शेवटी आठ मिळवले की ४९, सगळं ग्रिड पांढरं.

लूप थांबलं म्हणजे उत्तर बरोबर, असं इथे म्हणता येत नाही. पाण्याला जायला जागा उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यामागचं कारण १९७० च्या दशकात अझ्रिएल रोझेनफेल्ड यांच्या डिजिटल टोपोलॉजीवरच्या कामातून नीट मांडलं गेलं. कागदावर काढलेली बंद रेषा आतलं आणि बाहेरचं वेगळं करते, हे जॉर्डनचं प्रमेय. पिक्सेलच्या ग्रिडवर ते आपोआप लागू होत नाही. वस्तूसाठी आठ शेजारी धरले तर बॅकग्राउंडसाठी चारच धरावे लागतात, आणि उलटही तसंच. दोघांसाठी आठ धरले, तर वर पाहिल्याप्रमाणे बंद बाउंडरीतूनही पाणी निसटतं. दोघांसाठी चार धरले तर उलटी विसंगती: तीच शंकरपाळ्याची बाउंडरी आठ सुट्या ठिपक्यांची ठरते आणि तरीही आतलं-बाहेरचं वेगळं करते, जणू बांध नाही पण पाणी अडलंय.

गंमत अशी, की 'अधिक'ने इरोजन केलं की मिळणारी बाउंडरी आठ-शेजारी पद्धतीने जोडलेली असते आणि 'चौकोना'ने केलं की चार-शेजारी पद्धतीने. म्हणजे छोटा एलिमेंट कोपऱ्यांत उसवलेला पातळ बांध देतो आणि मोठा एलिमेंट जाड, भक्कम बांध. सहज विचार केला तर उलटंच वाटतं. मी स्वतः शिकताना हे दोनदा उलटं लिहून ठेवलं होतं. या बारा पिक्सेलच्या जाड बाउंडरीत 'अधिक'ने भरा नाहीतर 'चौकोना'ने, दोन्ही वेळा आकडे १, १ येतात. पाणी जागचं हलत नाही. चार जोड्यांपैकी फुटणारी जोडी एकच: बाउंडरी 'अधिक'ने आणि भरणं 'चौकोना'ने.

आणि नेमकी हीच जोडी नकळत जुळून येते. पायथॉनमधल्या सायपाय लायब्ररीच्या `binary_erosion` ला एलिमेंट दिला नाही तर ते 'अधिक' धरतं. ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीच्या `cv2.dilate` ला एलिमेंटच्या जागी `None` दिलं तर ते ३×३ चा चौकोन धरतं. एका मित्राकडून बाउंडरीचा कोड, दुसऱ्याकडून भरण्याचा, आणि दोघांनीही B लिहिलेला नाही. मग बसा शोधत. माझ्या लॅबमध्ये म्हणूनच एक नियम आहे: B नाव देऊन लिहायचा, डीफॉल्टवर सोडायचा नाही.

आकडे छापा

तपासाचा कोड एवढाच लागतो:

```python
import numpy as np
from scipy import ndimage as nd

r, c = np.indices((7, 7))
A = abs(r - 3) + abs(c - 3) <= 2
plus = nd.generate_binary_structure(2, 1)
box  = nd.generate_binary_structure(2, 2)
W = A & ~nd.binary_erosion(A, plus)

def fill(W, seed, B):
    X = np.zeros_like(W)
    X[seed] = True
    n = [int(X.sum())]
    while True:
        Y = nd.binary_dilation(X, B) & ~W
        n.append(int(Y.sum()))
        if (Y == X).all():
            return X | W, n
        X = Y

print(fill(W, (3, 3), plus)[1])
print(fill(W, (3, 3), box)[1])
```

स्क्रीनवर हे दिसायला हवं:

```
[1, 5, 5]
[1, 5, 13, 37, 41, 41]
```

दुसरी ओळ म्हणजे तिरप्या गळतीची सही. एक फेरी उत्तर बरोबर दिसतं, मग आकडा एकदम उडी घेतो. तुमच्याकडे ही ओळ आली तर भरण्याचा B 'अधिक' करा, काम संपलं.

पण समजा आकडे १, ९, २५, ४९ असे आले. हे विषमांचे वर्ग आहेत: १, ३×३, ५×५, ७×७. म्हणजे चौकोन मोकाट वाढतोय, बांध त्याला दिसतच नाही. B 'अधिक' असताना याच चुकीत १, ५, १३, २५, ३७, ४५, ४९ येतात. दोन्हीकडे शेवटचा आकडा ४९, आणि तो बाउंडरी मिळवण्याआधीचा. लक्षात घ्या, तिरप्या गळतीत पाणी ४१ च्या वर जाऊच शकत नाही, कारण बांधाचे आठ पिक्सेल कोरडेच राहतात. त्यामुळे X कधीही ४१ च्या पुढे गेला तर ∩ Wᶜ ही अट लागलेलीच नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

अट लिहिलेली असूनही का लागत नाही? नेहमीचा गुन्हेगार `~` आहे. W जर `bool` नसून `uint8` मध्ये ० आणि १ असा साठवला असेल, तर `~` प्रत्येक बिट उलटा करतो: ० चा २५५ होतो आणि १ चा २५४. त्यावर `np.logical_and` लावलं की २५४ सुद्धा 'खरं'च धरलं जातं आणि सगळा बांध पाण्याखाली जातो. `&` वापरलं तर मात्र १ आणि २५४ चा मेळ शून्य येतो आणि कोड योगायोगाने बरोबर चालतो. म्हणूनच एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि दोघंही शपथेवर सांगतात की कोड सारखाच आहे. W आधी `astype(bool)` करून घेतला की हा वाद मिटतो. तसा तो केल्यावर वजाबाकीचं `-` चिन्ह मात्र चालत नाही. नमपाय बुलियन अ‍ॅरेंची वजाबाकी नाकारतं आणि एरर देतं. म्हणून वरच्या कोडमध्ये `A & ~...` लिहिलं आहे.

याच जातीची एक चूक म्हणजे अट लूपच्या बाहेर ठेवणं: आधी पोटभर डायलेशन, मग शेवटी एकदाच Wᶜ शी छेद. अशा वेळी शेवटचा आकडा ४१ येतो, अगदी तिरप्या गळतीसारखा, पण मधले आकडे मोकाट वाढीचे असतात. सूत्रातला ∩ प्रत्येक फेरीत लागतो. बांध ओलांडून गेलेलं पाणी नंतर बांध उभारून परत येत नाही.

'अधिक'ने भरताना आकडे १, ४, ८ असे सुरू झाले तर बी चुकलंय. कागदावरचा मधला पिक्सेल (४,४). पायथॉनमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे तो `[3, 3]`. घाईत `X[4, 4]` लिहिलं तर बी कागदावरच्या (५,५) वर पडतं, आणि तो नेमका बांधाचा पिक्सेल आहे. पहिल्या फेरीत बी स्वतः पुसलं जातं आणि त्याचे चार शेजारी उरतात: (४,५) आणि (५,४) आतले, (५,६) आणि (६,५) बाहेरचे. पाणी बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंना ओतल्यासारखं. एलिमेंट बदलून ही चूक सुटत नाही. लूपच्या आधी `assert not W[seed]` ही एक ओळ टाकावी. मॅटलॅबमधून पायथॉनमध्ये आलेल्यांनी तर टाकावीच, कारण तिथे मोजणी १ पासून होते आणि कागदावरचे आकडे तसेच चालतात.

आकडा शेवटपर्यंत वाढत असतानाच लूप थांबलं असेल, तर फेऱ्यांची संख्या आधी ठरवून दिलेली असते, दहा वगैरे. होलमधला सगळ्यात लांबचा पिक्सेल बीपासून जितक्या पावलांवर, तितक्या फेऱ्या लागतात. पावलं होलच्या आतून मोजायची, सरळ रेषेत नाही. नागमोडी होल असेल तर छोट्या ग्रिडवरही दहा फेऱ्या पुरत नाहीत.

बांध खरंच फुटलेला असेल तर

कधी कोडमध्ये काहीच चूक नसते, स्कॅन केलेल्या चित्रातच बाउंडरीचा एक पिक्सेल गेलेला असतो. आपल्या ग्रिडमधून (३,५) काढून टाका आणि 'अधिक'ने भरा. आकडे येतात १, ५, ६, ८, ११ आणि पुढे वाढतच जातात. तिरप्या गळतीत आठ जागा एकदम फुटल्या होत्या, इथे एकाच भोकातून हळूहळू पाझरतंय. पाचावरून सहावर जाताना जो एक पिक्सेल नवा आला, तेच खिंडार. `Y & ~X` छापलं की त्याचा पत्ता मिळतो.

इथे पुष्कळ जण क्लोजिंग सुचवतात, म्हणजे बाउंडरीचं आधी डायलेशन आणि मग इरोजन. या ग्रिडवर ३×३ चौकोनाने ते करून बघा, निकाल शिकण्यासारखा आहे. आतले पाचही पिक्सेल भरून जातात, कारण होल एलिमेंटच्या मानाने लहान आहे. पण (३,५) भरत नाही! तो भरायला त्याच्या आठही शेजाऱ्यांपर्यंत डायलेशन पोचायला हवं, आणि (२,६) जवळ बांधाचा एकही पिक्सेल उरलेला नाही. पोट भरलं आणि खिंडार तसंच. उत्तर १२ पिक्सेलचं. मोठ्या चित्रात क्लोजिंग उपयोगी पडतं, पण खिंडाराच्या रुंदीला पुरेल असा एलिमेंट निवडायचा आणि होल त्याहून बरंच मोठं असायला हवं. ७×७ वर ही चैन परवडत नाही. तिथे पिक्सेल हाताने बसवलेला बरा, नाहीतर मूळ थ्रेशोल्ड बदलून बाउंडरी पुन्हा काढावी.

वस्तू कडेला टेकली असेल तर

हा प्रकार मला सगळ्यात जास्त छळतो, कारण यात दोन लायब्ररी दोन उत्तरं देतात आणि दोघीही आपापल्या नियमाने बरोबर असतात. ५×५ चं ग्रिड घ्या. वस्तू ओळ १ ते ४ आणि रकाने २ ते ४, म्हणजे १२ पिक्सेलचा आयत, वरच्या कडेला टेकलेला. B 'अधिक'. प्रश्न (१,३) चा: त्याच्या वर ग्रिडच नाही, मग तिथे काय आहे असं समजायचं?

सायपाय समजतं तिथे शून्य आहे. मग (१,३) इरोजनमध्ये गळतो, आत दोनच पिक्सेल उरतात आणि बाउंडरी दहा पिक्सेलची, चारही बाजूंनी बंद मिळते. ओपनसीव्हीचं `cv2.erode` डीफॉल्टने कडेपलीकडचं काही विचारातच घेत नाही. मग (१,३) टिकतो, आत तीन पिक्सेल उरतात आणि बाउंडरी नऊ पिक्सेलची:

```
. # . # .
. # . # .
. # . # .
. # # # .
. . . . .
```

वरून उघडं भांडं. आता फसवाफसवी बघा. आत बी ठेवून भरलं तर हे भांडं बरोबर भरतं, कारण ग्रिडची कडच वरचं झाकण होते. चूक झाकली जाते. तेच `binary_fill_holes` ला दिलं तर एक पिक्सेलही भरत नाही. ते फंक्शन उलट्या बाजूने काम करतं: बाहेरून, कडेपासून पाणी सोडतं आणि जिथे पाणी पोचत नाही त्याला होल म्हणतं. वरून उघडं असलं की पाणी आत शिरतं आणि त्याच्या मते तिथे होलच नाही. आणि बी ठेवून भरण्याआधी कुणी ग्रिडभोवती शून्यांची चौकट लावली, तर झाकण निघून पाणी बाहेर सांडतं. एकच बाउंडरी, तीन पद्धती, तीन निकाल.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. इरोजनच्या आधी `np.pad(A, 1)` करून शून्यांची एक ओळ चौफेर लावायची, सगळं काम त्या मोठ्या ग्रिडवर करायचं आणि शेवटी `[1:-1, 1:-1]` ने ती काढून टाकायची. मग कुठल्याही लायब्ररीत बाउंडरी दहाचीच येते. चौकट इरोजननंतर लावली तर काही उपयोग नाही, भांडं तोवर उघडं झालेलं असतं.

एका बीने सगळी होलं भरत नाहीत

'ब' हे अक्षर जाड टाइपात छापून स्कॅन करा. त्याच्या गोलात तिरपी रेघ असते, म्हणून होलं दोन होतात. एका बीने एकच अर्धं भरतं, आणि विद्यार्थी म्हणतात लूप लवकर थांबलं. लूप बरोबर थांबलंय, दुसऱ्या वाफ्याला दार उघडलेलंच नाही. आता ती तिरपी रेघ लहान ग्रिडवर एका पिक्सेलची झाली आणि भरायला 'चौकोन' घेतला, तर एका बीने दोन्ही बाजू भरतात आणि विद्यार्थी खूश होतात. ते सुख खोटं आहे. पाणी रेघेच्या कोपऱ्यांतून पलीकडे गेलंय, आणि गोलाची कडही कुठे तितकीच पातळ असेल तर तेच पाणी अक्षराबाहेर येईल.

बी शोधत बसायचं नसेल तर बाहेरून पाणी सोडण्याची पद्धत बरी. सायपायच्या `binary_fill_holes` चा एलिमेंट न सांगता 'अधिक'च असतो, मॅटलॅबचं `imfill(BW,'holes')` सुद्धा द्विमितीत चारच शेजारी धरतं आणि `bwperim` ही चारच, त्यामुळे तिथली जोडी फुटत नाही. ओ-रिंगसारखी, मुळातच पोकळ वस्तू असेल तर मात्र या पद्धतीने मूळ वस्तू परत मिळत नाही. तिच्या बाउंडरी दोन निघतात, बाहेरची आणि आतली, आणि बाहेरून सोडलेलं पाणी दोन्हींच्या आत पोचत नाही. मग खरी पोकळी आणि रिंगचा जाड भाग दोन्ही एकसारखे भरून जातात. तिथे बी ठेवण्याला पर्याय नाही, आणि ते रिंगच्या दोन बाउंडरींच्या मधल्या पट्ट्यातच पडायला हवं.